वर्षभराच्या प्रश्नांतून पोस्टचा साठा: शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांसाठी

"खालून गुंता होतोय." "मध्येच टाका सुटतो." "मोटर फिरते पण सुई हलतच नाही." शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला हे प्रश्न पाठ असतात. फोनवर आपण उत्तर देतो, समोरच्याचं काम होतं आणि ते उत्तर तिथेच विरून जातं. मग पोस्ट टाकायची वेळ आली की काही सुचत नाही आणि पुन्हा एकदा टेबलावर ठेवलेल्या मशीनचा फोटो जातो. खरं तर वर्षभराचं लिखाण गिऱ्हाइकांनी आधीच सुचवून ठेवलेलं असतं. ते गोळा करून, चाळून, कधीही टाकता येतील अशा पोस्टचा साठा कसा करायचा, ते पुढे सांगतो.

आधी सगळे प्रश्न एका जागी आणा

प्रश्न तीन ठिकाणी विखुरलेले असतात: मोबाइलवरच्या मेसेजमध्ये, मशीन घेताना फाडलेल्या पावतीवर आणि आपल्या डोक्यात. मेसेज शोधताना एकेक संभाषण उघडत बसू नका. शोधायच्या खिडकीत "धागा", "दोरा", "सुई", "आवाज", "तेल", "अडकली" असे शब्द टाका, वर्षभराचं बरंचसं वर येतं. लोक "बॉबिन" लिहितीलच असं नाही. "खालचं रीळ", "ती छोटी चकती" असंही लिहितात, तेही शोधा.

सापडलेला प्रत्येक प्रश्न स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत टाका. रकाने पाचच ठेवा: तारीख, प्रश्न जसाच्या तसा, मशीनचा प्रकार, उघडल्यावर काय सापडलं, लक्षण. गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर इथे आणूच नका, त्यांचा या कामाशी संबंध नाही.

"जसाच्या तसा" हे शब्दशः घ्या. बाई लिहितात "खाली दोऱ्याचं घरटं होतंय" आणि आपण सवयीने नोंदवतो "वरच्या धाग्याचं टेन्शन सैल". इथेच घोटाळा होतो, कारण पुढच्या गिऱ्हाइकाच्या मनातही घरटंच असतं. पोस्टची पहिली ओळ त्याच शब्दांत आली, तर "अरे, हेच तर माझं होतंय" म्हणून ती वाचली जाते.

चौथा रकाना टाळू नका

प्रश्न लिहिणं सोपं असतं. "काय सापडलं" लिहायचा मात्र कंटाळा येतो, कारण त्यासाठी जुन्या पावत्या काढाव्या लागतात. पण साठ्याची किंमत त्याच रकान्यात आहे. गिऱ्हाईक लक्षण सांगतं आणि कारण आपल्याला मशीन उघडल्यावर दिसतं. या दोन्हींची जोडी लावल्याशिवाय लिहिलेली पोस्ट म्हणजे मशीनसोबत येणाऱ्या पुस्तिकेची नक्कल.

जोडी लावली की गमती दिसतात. "टाका सुटतो" म्हणून आलेल्या मशीनमध्ये बरेचदा सुईच दोषी निघते: वाकलेली, बोथट, किंवा खोबणीत पूर्ण वर न गेलेली. "मोटर फिरते पण सुई हलत नाही" यात काही वेळा बिघाडच नसतो. बॉबिन भरताना हातचाकाच्या मधली चकती सैल केलेली असते आणि ती पुन्हा आवळायची राहून गेलेली असते. उलट "मशीन जड चालते" या एकाच तक्रारीमागे साठलेला कापूस, सुकून चिकट झालेलं तेल, शटलमध्ये अडकलेला धाग्याचा तुकडा, जास्त ताणलेला पट्टा यांपैकी काहीही असू शकतं.

लक्षणाचं नाव द्या आणि मोजा

आता पाचवा रकाना भरा. नावं सात-आठच ठेवा: गुंता, टाका सुटणे, सुई तुटणे, धागा तुटणे, कापड न सरकणे, जड किंवा आवाज, सुई न हलणे, आणि उरलेल्यांसाठी "इतर". नाव लक्षणावरून द्यायचं, कारणावरून नाही. "टेन्शन गेलंय" असं लिहून आलेल्या ओळीत गिऱ्हाइकाने निदान स्वतःच करून टाकलेलं असतं. तिथे त्याला नेमकं काय दिसलं होतं ते आठवा किंवा पावतीवर बघा.

लक्षण पाचव्या म्हणजे E रकान्यात असेल, तर एखादं किती वेळा आलं ते असं मोजता येतं:

```
=COUNTIF(E:E,"गुंता")
```

सगळ्यात मोठा आकडा ज्याचा, त्याच्यावर एकच लांबलचक पोस्ट लिहू नका. त्या ओळींचा चौथा रकाना वाचा. चार वेगळी कारणं दिसली, तर तिथे चार पोस्ट आहेत.

काय टिकेल, काय नाही

चाळणी एकच: तीन वर्षांनी ही पोस्ट तशीच टाकली तर खरी असेल का? दुरुस्तीचा दर, दुकानाची वेळ, एखादा सुटा भाग मिळतो की नाही, अमुक मॉडेल घ्यावं का, हे सगळं बाहेर ठेवा. त्याची माहिती एका वेगळ्या जागी ठेवा आणि बदलली की तिथेच बदला. सुईची सपाट बाजू, धागा ओवण्याचा क्रम, कापूस कुठे साठतो, हे मशीन आहे तोवर बदलत नाही.

यात एक अडचण आहे. टिकाऊ गोष्टसुद्धा सगळ्या मशीनना लागू असतेच असं नाही. सुईची सपाट बाजू घरगुती मशीनमध्ये बहुधा मागे येते, पण काही जुन्या सरळ शिलाईच्या मशीनमध्ये ती बाजूला येते. तेलाचंही तसंच. जुन्या लोखंडी मशीनला थेंब-थेंब तेल नियमित लागतं, तर काही नव्या मशीनना घरी तेल घालू नये असं त्यांची पुस्तिकाच सांगते. म्हणून तिसरा रकाना. प्रत्येक पोस्टच्या दुसऱ्या ओळीत ती कोणत्या मशीनसाठी आहे, ते लिहायचंच.

हे मी ठेच खाऊन शिकलो. बॉबिन केसचा स्क्रू किंचित फिरवून खालच्या धाग्याचा ताण कसा बदलतो, यावर मी हौसेने पोस्ट लिहिली. लिहिलेलं बरोबर होतं. पण तो स्क्रू तांदळाच्या दाण्याहून लहान. लोकांनी तो सरळ काढलाच, काहींचा हरवला, आणि त्याआधी धडधाकट असलेली मशीनं माझ्याकडे आली. तेव्हापासून पोस्टमध्ये घरी करायची कृती फक्त अशीच ठेवतो जी चुकली तरी परत पहिल्यासारखी करता येते. सुई बदलणं, धागा पुन्हा ओवणं, ब्रशने कापूस काढणं, इथवर. सुई आणि शटल यांचा मेळ बसवणं त्यात येत नाही. त्याबद्दल फक्त "असं दिसलं तर मशीन घेऊन या" एवढंच लिहायचं.

एक पोस्ट पूर्ण करून बघू

गुंताच घेऊ. समजा पाचव्या रकान्यात "गुंता" असलेल्या ओळींत हे तीन प्रश्न आहेत:

"खाली दोऱ्याचं घरटं होतंय, बॉबिन बदललं तरी तेच."
"शिलाई सुरू करताना खाली गोळा होतो, नंतर नीट चालते."
"काल सर्व्हिस केलेली मशीन, आज परत खालून गुंता, वर ठीक दिसतंय."

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नापुढे चौथ्या रकान्यात "वरचा धागा चकत्यांच्या मध्ये नव्हता" असं आहे. दुसऱ्यापुढे "बिघाड नाही, धाग्याची टोकं धरली नव्हती". म्हणजे पोस्ट दोन. पहिली अशी उतरेल:

"खाली दोऱ्याचं घरटं होतंय आणि बॉबिन बदलूनही जात नाही? घरगुती मशीन असेल तर आधी हे करून बघा. वर लाल आणि खाली पांढरा धागा लावा, जुन्या कापडावर चार बोटं शिवा आणि कापड उलटं करा. खालचा गुंता लाल दिसला, तर दोष खालच्या बॉबिनचा नाही, वरच्या धाग्याचा आहे. मशीन बंद करा. कापड दाबणारा पाय वर उचला, हातचाक फिरवून सुई सगळ्यात वर आणा आणि वरचा धागा पूर्ण काढून पुन्हा ओवा. पाय खाली असताना ओवलं तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, धागा त्यांच्या मध्ये जातच नाही आणि सैल धागा खाली ओढला जाऊन गोळा होतो. ओवून झाल्यावर, सुईत धागा घालण्याआधी, पाय खाली टाका आणि धागा हलकेच ओढून बघा. आता तो अडून यायला हवा. सहज आला तर परत ओवा. वर-खाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून धागा गेलाय ना, तेही बघा. हातचाकच अडकत असेल किंवा ठोकल्यासारखा आवाज येत असेल, तर जोर लावू नका. थांबा आणि मशीन दाखवा."

यात टेन्शनच्या बटणाला हात लावायला सांगितलेलं नाही. मुद्दामच. लोक गुंता दिसला की आधी तेच बटण फिरवतात, मग धागा नीट ओवला तरी टाका बिघडलेलाच राहतो आणि खरं कारण सापडत नाही.

दुसरी पोस्ट चार ओळींची: सुरुवातीच्या तीन-चार टाक्यांना दोन्ही धाग्यांची टोकं मागे धरून ठेवा. तिला उगाच ताणून मोठं करू नका.

फोटो एकच हवा, उलट्या कापडावरचा लाल गुंता जवळून. गिऱ्हाइकाचं कापड वापरायचं असेल तर विचारून घ्या, नाहीतर चिंधीवर स्वतः गुंता करून फोटो काढा. पाय खाली ठेवून धागा ओवला की हमखास होतो.

साठा लावून ठेवा

प्रत्येक पोस्टला लक्षण आणि क्रमांक द्या: गुंता-1, गुंता-2, सुई तुटणे-1. शीटच्या दुसऱ्या पानावर तीन रकाने पुरतात: पोस्टचं नाव, मजकूर, शेवटची टाकल्याची तारीख. पंधरवड्याला एक टाकली तर सव्वीस पोस्टमध्ये वर्ष भरतं, आणि पुढच्या वर्षी तीच फेरी नव्या फोटोसह पुन्हा चालते. एकाच लक्षणाच्या दोन पोस्ट लागोपाठ टाकू नका. फोनवर कोणी विचारलं तर दहा मिनिटं बोलण्याऐवजी तीच पोस्ट पाठवा, साठ्याचा खरा उपयोग तिथे जास्त होतो.

पोस्ट पाठवल्यावर काय उत्तर येतं, तेही शीटमध्ये टाका. "झालं" आलं तर ठीक. पण कोणी लिहिलं, "तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन रंगांचे धागे लावले, पण फासे कापडाच्या वर येताहेत आणि पांढरे आहेत", तर इथे बहुधा खालचा धागा बॉबिन केसच्या पत्तीखाली गेलेला नाही. ती वेगळी ओळ आणि नवी पोस्ट, गुंता-3.