घर रिकामे करून घेण्यासाठी मालक त्रास देत असेल, तर काय करावे?

घरमालक नोटीस देत नाही, न्यायालयातही जात नाही, पण घरात राहणे अवघड करून ठेवतो. अशा वेळी प्रत्येक प्रसंगाला त्याच्याकडे एखादे साधे कारण तयार असते आणि भाडेकरूची अडचण तिथेच होते. भारतात 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108(सी) नुसार, भाडे भरणाऱ्या व करारातील अटी पाळणाऱ्या भाडेकरूला मुदतीत जागेचा निर्वेध उपभोग घेता येतो. (लिव्ह अँड लायसन्सने राहणाऱ्यांचे हक्क वेगळे असतात, त्यांनी आधी आपला करार वाचावा.)

आधी त्रास आणि गैरसोय यांत फरक करावा. पूर्वकल्पना देऊन, सोयीच्या वेळी गळती पाहायला आलेला मालक त्रास देत नसतो. स्वतःजवळच्या किल्लीने आत शिरणे, पाणी किंवा वीज मुद्दाम तोडणे, रात्री दारात येऊन धमकावणे ही मात्र उपभोगातली ढवळाढवळ आहे.

त्यानंतर वहीत नोंद सुरू करावी. तारीख, वेळ, काय घडले आणि कोणी पाहिले हे तर लिहावेच, पण त्याआधीच्या दिवसांत मालकाने काय मागितले होते, तेही लिहावे. समजा, 2 तारखेला भाडेकरूने भाडेवाढ नाकारली, 4 तारखेला पाणी बंद झाले, 9 तारखेला ‘टाकी पाहायला’ म्हणून मालक न विचारता आत आला आणि 11 तारखेला त्याने पुन्हा वाढीव भाडे मागितले. सुटे पाहिले तर पाणी जाण्यात विशेष काही नाही; पण त्या दिवशी शेजारच्या घरात पाणी होते, हे नोंदलेले असेल, तर त्या चार ओळी एकत्र वाचताच हेतू दिसू लागतो. नोंद त्याच दिवशी करावी, कारण महिन्याने आठवून लिहिलेली वही उलटतपासणीत टिकत नाही.

मग मालकाला लेखी कळवावे: प्रसंग तारखांसह मांडावेत, पाणी सुरू करण्यास आणि पूर्वसूचनेशिवाय न येण्यास सांगावे. पत्र नोंदणीसह स्पीड पोस्टने पाठवून पोच जपावी. भाषा कोरडी असावी, कारण ते पुढे न्यायाधीशही वाचतील.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रागाने भाडे थांबवणे. त्याने मालकाला घर खाली करून घ्यायला आयते कारण मिळते आणि वर सांगितलेले संरक्षणही डळमळते. काही मालक मुद्दाम भाडे घेत नाहीत आणि नंतर थकबाकी दाखवतात. अशा वेळी रक्कम बँकेतून किंवा मनीऑर्डरने पाठवावी आणि ती परत आल्यास त्याचा पुरावाही ठेवावा.

कुलूपच बदललेले आढळले, तर ते फोडू नये. दाराचे छायाचित्र काढून पोलिसांत लेखी तक्रार द्यावी आणि वकिलाला लगेच भेटावे, कारण 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली ताबा परत मिळवण्याचा दावा बाहेर काढल्यापासून 6 महिन्यांच्या आतच दाखल करावा लागतो.