पेटंट अर्जाची बॅकग्राउंड आणि समरी गुंतवणूकदारासाठी उतरवताना

स्टार्टअपमध्ये नव्याने लागलेल्या माणसाच्या हाती पेटंटचा अर्ज येतो आणि सोबत काम येतं : यातून गुंतवणूकदारासाठी एक पान काढून दे. बॅकग्राउंड आणि समरीतले अवघड शब्द बदलून सोपे घातले की झालं, असा पहिला समज असतो. तसं केलेलं पान वाचायला सोपं होतं खरं, पण बरेचदा चुकीचं होतं.

कारण हे दोन्ही भाग पेटंट कार्यालयातल्या परीक्षकासाठी आणि पुढे होऊ शकणाऱ्या वादासाठी लिहिलेले असतात. बॅकग्राउंडमध्ये वकील हात राखून लिहितो, कारण जुन्या तंत्राबद्दल तिथे दिलेली कबुली उद्या अर्जदारावरच उलटू शकते. समरी मोघम असते, कारण क्लेमना, म्हणजे अर्जदार नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणाऱ्या वाक्यांना, जितकी जागा मोकळी राहील तितकी हवी असते. गुंतवणूकदाराला मात्र एवढंच विचारायचं असतं : आज अडचण कुणाची आणि कशी होते, तुम्ही नेमकं काय वेगळं करता, आणि त्यातलं तुमच्या मालकीचं किती?

सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. गूगलचे सहसंस्थापक लॅरी पेज यांचं, वेबपानांचा क्रम लावणाऱ्या पेजरँक पद्धतीचं अमेरिकी पेटंट, US6285999B1. प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज 10 जानेवारी 1997 चा, पूर्ण अर्ज 9 जानेवारी 1998 चा, मंजुरी 4 सप्टेंबर 2001 ची. गूगल पेटंट्सवर हा क्रमांक टाकला की पूर्ण मजकूर मिळतो. तो शेजारी उघडा ठेवून पुढचं वाचा.

सुरुवात बॅकग्राउंडपासून करू नका, पहिल्या क्लेमपासून करा. इथे त्याचा गाभा तीन पायऱ्यांचा आहे : एकमेकांना लिंक करणारे दस्तऐवज मिळवायचे, प्रत्येकाला, त्याच्याकडे लिंक करणाऱ्या दस्तऐवजांच्या गुणांवरून गुण द्यायचे, आणि त्या गुणांनुसार त्यांच्यावर पुढची प्रक्रिया करायची. तुमच्या पानात याबाहेरचं काही 'आमचं संरक्षित तंत्र' म्हणून आलं, तर ते खोडायचं. समरी इथे फसवते. ती बहुधा अर्ज दाखल करतानाच्या क्लेमवरून बेतलेली असते. परीक्षणात क्लेम आकसतात, समरी तशीच रुंद राहते. म्हणून वकिलाकडून क्लेमची शेवटची दुरुस्त प्रत मागून घ्या.

आता बॅकग्राउंड. पेज यांच्या अर्जात मुद्दा असा मांडलाय की वेबवर निकृष्ट दर्जाची पानं भरपूर आहेत, त्यामुळे शोध घेतला की नको असलेल्या शेकडो निकालांत कामाचे थोडे दडून जातात. शास्त्रीय लेखांचा किती जणांनी संदर्भ दिला हे मोजायची जुनी पद्धत होती, पण वेबवर ती पुरत नाही, कारण तिथे पानं आणि लिंक तयार करायला फारसा खर्चच येत नाही. यातून तुमच्या पानावर दोनच वाक्यं न्यायची : एक त्रासाचं, एक जुना उपाय का कमी पडतो याचं. 'आजवर हे कुणीच केलेलं नाही' हे वाक्य अजिबात लिहू नका. बॅकग्राउंडमध्ये अर्जदाराने निवडलेलंच जुनं काम असतं. त्यापलीकडे काही नाही, असा दावा तिथे नसतो.

समरीत 'एका पैलूनुसार', 'दुसऱ्या पैलूनुसार' अशी वाक्यं येतात. प्रत्येकाला विचारा, हे कोण करतं आणि कशावर करतं? उत्तर मिळालं तर कर्ता घालून वाक्य लिहा. न मिळालं तर तो नुसता गुणवत्तेचा दावा आहे. ही पद्धत प्रचंड मोठ्या डेटाबेसवरही चालते, हे पेज यांच्या समरीतलं म्हणणं याच जातीचं. त्याला आधार चाचणीचा लागतो : किती पानं, किती वेळ, कोणतं यंत्र. चाचणी झालेली नसेल तर तसं स्पष्ट लिहा. गुंतवणूकदाराचा तांत्रिक सल्लागार हेच पहिल्यांदा विचारतो.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या सोपं करताना. 'ज्या पानाला जास्त लिंक, ते पान वर' हे वाक्य किती सुटसुटीत! पण ही तर जुनी संदर्भ मोजायची पद्धत झाली. म्हणजे सोपं करण्याच्या भरात तुम्ही शोध गाळलात आणि प्रायर आर्ट, म्हणजे आधीपासून असलेलं तंत्र, विकायला ठेवलंत. शोध इथे आहे : लिंक देणाऱ्याचं वजनही मोजलं जातं, आणि ते वजन पुन्हा त्याला लिंक देणाऱ्यांवरून ठरतं.

हे समजावायला त्याच पेटंटमधलं तीन दस्तऐवजांचं चित्र पुरतं. 'अ' हे पान 'ब' आणि 'क' यांना लिंक करतं, 'ब' फक्त 'क' ला, 'क' फक्त 'अ' ला. एकूण वजन 1 धरलं तर उत्तर येतं अ 0.4, ब 0.2, क 0.4. पडताळा कागदावर होतो : 'अ' आपले 0.4 दोघांत वाटतो, म्हणून 'ब' ला 0.2, 'क' ला 'अ' चे 0.2 आणि 'ब' चे 0.2; आणि 'क' आपले सगळे 0.4 'अ' ला देतो. आता 'अ' आणि 'ब' यांच्याकडे बघा. दोघांकडेही एकेकच लिंक येते, तरी 'अ' चं वजन दुप्पट. नुसती मोजणी केली असती तर दोघं सारखे ठरले असते. गुंतवणूकदाराला हे चित्र दाखवा, समीकरण दाखवू नका.

एवढं झालं की परिच्छेद असा उभा राहतो, 1998 सालच्या वाचकासाठी :

'वेबवर शोध घेणाऱ्याला शेकडो निकाल मिळतात, पण कामाचे थोडेच, आणि ते शोधायला वेळ जातो. नुसत्या लिंक मोजून क्रम लावला तर कुणीही फुकट लिंक तयार करून पान वर आणू शकतो. आमची पद्धत प्रत्येक लिंकचं वजन ती देणाऱ्या पानाच्या वजनावरून ठरवते. त्यामुळे नावाजलेल्या पानाची एक लिंक अनोळखी पानांच्या अनेक लिंकांपेक्षा भारी ठरू शकते. पेटंट अर्ज 9 जानेवारी 1998 रोजी दाखल, मंजुरी प्रलंबित.'

शेवटची ओळ गाळू नका आणि वाढवूही नका. 'पेटंटेड' आणि 'अर्ज प्रलंबित' यांत गल्लत केलेलं पान पुढच्या तपासणीत लगेच उघडं पडतं. भारतात तर विकल्या जाणाऱ्या वस्तूबद्दल असा खोटा दावा केला, तर पेटंट कायद्याच्या कलम 120 खाली दंड आहे.

त्याच ओळीच्या शेजारी मालकी लिहावी लागते. या पेटंटवर मालक म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठाचं नाव आहे, गूगलचं नाही. गूगलने 2004 साली शेअर विक्रीच्या कागदपत्रांत हे उघड लिहिलं होतं : हक्क परवान्याने घेतलेला, आणि तो 2011 पर्यंतच एकट्या गूगलकडे. तुमचा संशोधक कॉलेजात शिकत किंवा नोकरी करत असताना शोध लागला असेल, तर अर्जावर अर्जदार कोण आहे ते आधी बघा. हस्तांतराचा कागद झालेला नसताना 'आमचं पेटंट' लिहिलं, की पुढे त्याच शब्दावर बोलणी अडतात.

एक खबरदारी भारतातल्या अर्जांसाठी. अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो; तोवर तो गोपनीय असतो. प्रोव्हिजनल दाखल झाल्यावर टीमने सुधारणा केली असेल, तर ती त्या अर्जात नसते. पूर्ण अर्जासाठी 12 महिने असतात. त्याआधी ती सुधारणा गोपनीयतेच्या कराराशिवाय पानावर आली, तर तिचं नावीन्यच धोक्यात येतं. बरेच गुंतवणूकदार पहिल्या भेटीत असा करार करत नाहीत. म्हणून पानातलं प्रत्येक तांत्रिक वाक्य अर्जाच्या कोणत्या परिच्छेदातून आलं, ते मसुद्याच्या समासात लिहून ठेवा. ज्याला परिच्छेद सापडत नाही ते वाक्य वकिलाला दाखवल्याशिवाय बाहेर पाठवू नका.

पान तयार झालं की ते या क्षेत्राबाहेरच्या कुणाला तरी वाचायला द्या, कागद परत घ्या आणि म्हणा, आता तुमच्या शब्दांत सांगा. 'म्हणजे लिंक मोजतात ना?' असं उत्तर आलं तर मधली दोन वाक्यं पुन्हा लिहायची आहेत.