माती परीक्षणातील स्फुरदाचा आकडा: ब्लँक कुठे वजा करायचा आणि कितीने गुणायचे

रब्बीचे पीक निघाले, रान रिकामे झाले. खरिपासाठी मातीचे नमुने काढायचे हेच दिवस आहेत. एप्रिल-मे महिन्यांत प्रयोगशाळांत पिशव्यांचे ढीग लागतात आणि घाईत सर्वांत जास्त चुका होतात त्या उपलब्ध स्फुरदाच्या हिशेबात. गावात किंवा शेतकरी कंपनीत लहान प्रयोगशाळा चालवणाऱ्यांनी आणि अहवाल हातात घेणाऱ्या शेतकऱ्यांनीही हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. बेरीज-वजाबाकी आणि गुणाकारापलीकडे त्यात काही नाही.

आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीसाठी ओल्सेन पद्धत वापरतात. २.५ ग्रॅम मातीत सोडियम बायकार्बोनेटचे ५० मिली द्रावण (०.५ मोलर, सामू ८.५) आणि चिमूटभर चारकोल घालून अर्धा तास हलवायचे आणि गाळायचे. गाळलेल्या द्रावणातले ५ मिली २५ मिलीच्या फ्लास्कमध्ये घ्यायचे, आम्लाने सामू ५ च्या आसपास आणायचा, मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक ॲसिडचे मिश्रण घालायचे आणि खुणेपर्यंत पाणी भरायचे. निळा रंग चढला की ८८२ नॅनोमीटरवर रीडिंग घ्यायचे. उन्हाळ्यात एक गोष्ट सांभाळा. तापमान वाढले की याच मातीतून जास्त स्फुरद बाहेर येते. तापलेल्या पत्र्याखालच्या खोलीत हलवलेला नमुना २५ अंशांवर हलवलेल्या नमुन्यापेक्षा जास्त आकडा देतो.

आता प्रमाण द्रावणांची रेषा. २ पीपीएम फॉस्फरसचे द्रावण ०, १, २, ३, ४ आणि ५ मिली असे सहा फ्लास्कमध्ये घेतले आणि २५ मिली केले, तर ०, ०.०८, ०.१६, ०.२४, ०.३२ आणि ०.४० पीपीएम मिळते. प्रत्येक फ्लास्कमध्ये ५ मिली कोरे बायकार्बोनेट द्रावणही घालायलाच हवे, नाहीतर नमुने आणि प्रमाण द्रावणे एका जातीची राहत नाहीत. समजा रीडिंग अनुक्रमे ०.००४, ०.०५५, ०.१०७, ०.१५७, ०.२१० आणि ०.२६० आली. यांतून जाणारी सरळ रेषा अशी:

```
रीडिंग = ०.६४१ × पीपीएम + ०.००४
```

शेवटचे ०.००४ म्हणजे फॉस्फरस नसतानाही रसायनांचा येणारा रंग. खरी गफलत इथून सुरू होते, कारण ब्लँक दोन असतात. एक म्हणजे हा शून्य क्रमांकाचा फ्लास्क. दुसरा म्हणजे मातीशिवाय केलेला पूर्ण प्रवास: तेच द्रावण, तोच चारकोल, तीच हलवणी, तोच गाळणकागद. चारकोलमध्ये स्वतःचा फॉस्फरस असू शकतो, आणि तो फक्त या दुसऱ्या ब्लँकमध्येच दिसतो. चारकोलचा नवा डबा उघडल्यावर आमच्याकडे हा ब्लँक अचानक ०.०१७ वर गेला होता. त्या दिवशी तो केलाच नसता, तर दिवसभराच्या सगळ्या नमुन्यांत तेवढी खोटी भर पडली असती.

ही भर किती महागात पडते ते एका नमुन्यावर पाहू. सोयाबीनच्या रानातल्या मातीचे रीडिंग ०.०५४ आले. त्यातून ब्लँकचे ०.०१७ वजा केले, ०.०३७ उरले. याला ०.६४१ ने भागले की ०.०५७७ पीपीएम. इथे पुन्हा ०.००४ वजा करायचे नाहीत. ब्लँकच्या रीडिंगमध्ये ते आधीच आहेत आणि ब्लँक काढताना तेही निघून गेले. दोनदा वजाबाकी केली की आकडा विनाकारण खाली येतो.

हे ०.०५७७ फ्लास्कमधले प्रमाण आहे, मातीतले नव्हे. ५ मिलीचे २५ मिली झाले म्हणून ५ ने गुणा, २.५ ग्रॅम माती ५० मिलीत होती म्हणून २० ने गुणा. म्हणजे एकूण १०० पट, मातीत ५.७७ पीपीएम. हेक्टरी किलोसाठी २.२४ ने गुणायचे. १५ सेंमी खोलीपर्यंतच्या एक हेक्टर मातीचे वजन २२.४ लाख किलो धरलेले असते, म्हणून नमुनाही १५ सेंमीपर्यंतचाच हवा. उत्तर आले हेक्टरी १२.९ किलो फॉस्फरस.

चारकोलचा ब्लँक न करता फक्त रेषेवरून काढले असते, तर (०.०५४ − ०.००४) ÷ ०.६४१ = ०.०७८ पीपीएम, म्हणजे हेक्टरी १७.५ किलो. महाराष्ट्रातल्या सहा वर्गांच्या तक्त्यात ७ ते १४ किलो फॉस्फरस म्हणजे कमी आणि १४ ते २१ म्हणजे मध्यम. त्यामुळे कमी स्फुरदाची जमीन मध्यम ठरली असती. हेक्टरी ६० किलो स्फुरदाची शिफारस धरली, तर कमी वर्गाला २५ टक्के वाढवून ७५ किलो द्यावे लागते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या भाषेत एकरी तीन पोत्यांऐवजी पावणेचार.

अहवाल वाचताना आणखी एक जागा तपासा. काही तक्ते फॉस्फरसमध्ये असतात, काही P₂O₅ मध्ये. फॉस्फरसला २.२९ ने गुणले की P₂O₅ मिळते, म्हणजे वरचे १२.९ किलो म्हणजे २९.६ किलो P₂O₅. हा आकडा फॉस्फरसच्या तक्त्यात शोधला तर जमीन ‘जास्त’ वर्गात, २८ ते ३५ च्या घरात जाऊन बसते. P₂O₅ च्या तक्त्यात मात्र १५ ते ३० पर्यंत ‘कमी’ असल्याने ती कमीच दिसते. अहवालावर यांपैकी काय लिहिले आहे, हे प्रयोगशाळेला विचारून घ्या.

वर्षानुवर्षे डीएपी टाकलेल्या कांद्याच्या किंवा द्राक्षाच्या रानात उलटी अडचण येते. रंग इतका गडद येतो की रीडिंग ०.४००, आणि आपली रेषा ०.२६० वरच संपलेली. रेषा पुढे ओढून उत्तर काढू नका. तयार निळ्या द्रावणात पाणी घालूनही भागत नाही, कारण त्यातले रसायन पुरले होते की नाही हे कळत नाही. गाळलेले द्रावण ५ ऐवजी २ मिली घ्या, ३ मिली कोरे बायकार्बोनेट घाला आणि रंग नव्याने चढवा.

समजा आता रीडिंग ०.१६२ आले. ब्लँकही २ मिलीचाच करावा लागतो. चारकोलचा वाटा दोन पंचमांश झाल्याने तो आता ०.००९ च्या आसपास येईल. (०.१६२ − ०.००९) ÷ ०.६४१ = ०.२३९ पीपीएम. गुणक मात्र बदलला: २५ ÷ २ म्हणजे १२.५, आणि मातीचे २०, मिळून २५० पट. मातीत सुमारे ६० पीपीएम. जुना ०.०१७ चा ब्लँक वजा केला असता तर तीन पीपीएम कमी आले असते. आणि सवयीने १०० ने गुणले असते तर २४ च.

कर्मचाऱ्यांनी वहीत प्रत्येक नमुन्यापुढे किती मिली घेतले हे रीडिंगच्या आधी लिहावे. हिशेब बरोबर बसतो का हे पाहण्यासाठी दिवसातून एकदा एका नमुन्याच्या दुसऱ्या फ्लास्कमध्ये रंगाआधी २ पीपीएम द्रावणाचा १ मिली जास्त घाला. रीडिंग सुमारे ०.०५१ ने वाढायला हवे. वाढ बरीच कमी आली तर आम्ल कमी-जास्त पडले आहे किंवा मॉलिब्डेटचे मिश्रण शिळे झाले आहे, आणि त्या तुकडीतले सगळे नमुने पुन्हा लावावे लागतात.