लाव्हा केक रॅमकिनमधून अखंड काढायचा तर
पणजीच्या दमट उकाड्यात लोणी लगेच पातळ होतं आणि ओघळून रॅमकिनच्या तळाशी जमतं. कडा कोरड्या राहतात, आणि केक नेमका तिथेच चिकटून फाटतो. म्हणून मी मऊ लोणी ब्रशने तळापासून वर ओढत लावते, पाच मिनिटं फ्रिजमध्ये घट्ट होऊ देते, मग दुसरा हात देते. त्यावर कोको पावडर फिरवून जास्तीची झटकून टाकते. मैदा नको, पांढरे डाग राहतात.

ओटीजी 220 अंशांवर पूर्ण तापलेला हवा. 150 मिलीच्या रॅमकिनला माझ्याकडे 11 मिनिटं लागतात. मिश्रण फ्रिजमधून काढून थेट भाजलं तर दीड-दोन मिनिटं जास्त. पण घड्याळापेक्षा केककडे बघा: कडेची बोटभर रिंग घट्ट, मधला रुपयाएवढा भाग हलवल्यावर थरथरणारा. मधोमध फुगून भेगा पडल्या तर आतला रस गेलाच. प्रत्येक ओटीजीची धग वेगळी, तेव्हा पाहुणे यायच्या आधी एकच केक भाजून वेळ ठरवा.

बाहेर काढल्यावर मिनिटभरच थांबा, कारण गरम भांड्यात आतला भाग शिजतच राहतो. पातळ सुरी कडेने फिरवा, वर बशी उपडी धरून एका झटक्यात उलटा, दहा सेकंद तसंच ठेवा आणि रॅमकिन सरळ वर उचला.