सुएझच्या अलीकडे इंधन बदलताय? मग या चुका टाळा

न्हावा शेव्यावरून युरोपला निघालेल्या जहाजाला पूर्वी रॉटरडॅम जवळ येईपर्यंत गंधकाची फारशी काळजी नसायची. इंग्लिश खाडीत ५ अंश पश्चिम रेखावृत्त ओलांडण्याआधी कमी गंधकाचे इंधन चालू केले की काम झाले. १ मे २०२५ पासून अख्खा भूमध्य समुद्र उत्सर्जन नियंत्रण क्षेत्र झाला आणि ती रेषा पोर्ट सैदच्या तोंडाशी येऊन बसली. जगभरच्या समुद्रात इंधनात ०.५० टक्के गंधक चालतो, या क्षेत्रात फक्त ०.१०. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणाऱ्या जहाजांना अजूनही जुनाच हिशेब लागू आहे. सुएझमधून जाणाऱ्यांनी मात्र जुनी सवय सोडायला हवी, कारण जुन्या सवयीतूनच बहुतेक चुका होतात.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून दिवसाला ३६ टन इंधन जाळणारे मध्यम कंटेनर जहाज घेऊ. २०२० पूर्वीच्या ३.५० टक्के गंधकाच्या जड तेलावर ते दिवसाला अडीच टन सल्फर डायऑक्साइड धुराड्यातून सोडू शकत होते. ०.५० टक्क्यांवर हा आकडा ३६० किलो होतो आणि ०.१० वर ७२ किलो. वायू हवेत गेला की त्याचेच सल्फेटचे बारीक कण बनतात, आणि वारा किनाऱ्याकडे असेल तर ते बंदरालगतच्या वस्तीत पोहोचतात. जड तेलातली राख, व्हॅनेडियम, निकेल आणि काजळी ही भर वेगळीच.

झडप फिरवली म्हणजे इंधन बदलले, हा समज

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. इंजिनरूमच्या बाहेरच्या माणसाला वाटते की एका टाकीची झडप बंद करून दुसरीची उघडली की झाले. पण इंजिनाला इंधन एका वर्तुळातून मिळते. पंप, हीटर, फिल्टर, इंजिन, तिथून न जळलेले इंधन मिक्सिंग कॉलममध्ये परत, आणि पुन्हा पंपाकडे. या वर्तुळात दोनतीन टन जुने इंधन फिरतच असते. नवे इंधन फक्त जळलेल्याची भरपाई म्हणून आत येते, म्हणजे जुने हळूहळू पातळ होत जाते. त्याचा हिशेब असा:

```
t = (V / q) × ln((S1 − S2) / (0.10 − S2))
```

V म्हणजे वर्तुळातले इंधन टनांत, q म्हणजे तासाला जळणारे टन, S1 जुन्या इंधनातला गंधक टक्क्यांत, S2 नव्यातला, आणि ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. उत्तर तासांत येते.

आपल्या जहाजावर वर्तुळात ३ टन आहेत, समुद्रातल्या वेगाला तासाला १.५ टन जळते, जुने इंधन ०.४८ टक्क्यांचे आणि नवे मरीन गॅसऑइल ०.०५ चे आहे असे धरू. हिशेब ४.३ तासांचा येतो. १४ नॉट वेगाने तेवढ्यात जहाज ६० मैल पुढे जाते. आता एकच आकडा बदलू. गॅसऑइल ०.०५ ऐवजी ०.०९ टक्क्यांचे आले. ते नियमात पूर्ण बसते, बंकर म्हणजे जहाजात भरलेल्या इंधनाच्या पावतीवर कुणी बोट ठेवणार नाही. पण हिशेब ७.३ तासांवर जातो, म्हणजे शंभरावर मैल. आणि नवे इंधन नेमके ०.१० चे असेल तर सूत्रात छेद शून्य होतो. जुने थोडे तरी उरतेच, म्हणून मिश्रण ०.१० ला कधीच पोहोचत नाही. बंदरात घेतलेल्या नमुन्याला चाचणीतल्या फरकाची थोडी सवलत असते आणि ०.११ पर्यंत चालवून घेतात, पण आधीपासून त्या सवलतीवर भरवसा ठेवून बेत आखू नये.

म्हणून बंकर घेतानाच मालकाच्या ऑफिसला सांगावे की ०.१० चे नको, ०.०५ च्या आसपासचे द्या. त्यातला भावाचा फरक समुद्रावरच्या तीन तासांच्या गॅसऑइलपुढे बऱ्याचदा किरकोळ ठरतो.

कालव्यात इंधन बदलणे

सुएझ कालवा ओलांडायला बारा-सोळा तास लागतात. मग तेवढ्या वेळात सावकाश बदलू, असा विचार सहज मनात येतो. वरच्याच सूत्रात घालून पाहा. कालव्यात आठ नॉटला इंजिन तासाला अर्धा टन जाळत असेल, तर तेच ४.३ तास १३ होतात आणि ७.३ चे २२. पोर्ट सैद मागे पडेल तरी वर्तुळ धुतलेले नसेल. त्याहून मोठी भीती वेगळी आहे. इंधन बदलताना इंजिन बंद पडण्याचा धोका खरा आहे. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये किनाऱ्याजवळ हलके इंधन सक्तीचे केले तेव्हा तिथे जहाजांची इंजिने बंद पडण्याच्या घटना वाढल्या होत्या. उघड्या समुद्रात इंजिन बंद पडले तर तासभर तरंगत दुरुस्ती करता येते. कालव्यात काठ दोन्ही बाजूंनी शंभर-दीडशे मीटरवर असतो आणि मागून दुसरे जहाज येत असते.

माझा नियम साधा आहे. सुएझच्या आखातात, नांगरतळापासून किमान ८-१० तास आधी बदल सुरू करायचा आणि नांगर टाकण्याआधी संपवायचा. कालवाभर गॅसऑइल जाळावे लागते, पैसे जातात, हे मान्य. पण नांगर उचलण्याआधी गॅसऑइलवर इंजिन पुढे-मागे दोन्हीकडे सुरू होते की नाही हे तपासता येते, आणि ही तपासणी पैशांपेक्षा मोलाची आहे. का, ते खाली येतेच.

तापमान घाईने उतरवणे

जड किंवा अतिकमी गंधकाचे मिश्र तेल इंजिनात साधारण ९० ते १३० अंशांना जाते, गॅसऑइल ४० ला. इंधन पंपाच्या प्लंजर आणि बॅरलमध्ये केसाच्याही अंशाएवढी फट असते. गरम प्लंजरभोवती थंड तेल एकदम आले तर बॅरल आणि प्लंजर एकाच वेगाने आकसत नाहीत आणि प्लंजर अडकतो. म्हणून मिनिटाला दोन अंशांहून जलद उतरायचे नाही. ११० वरून ४० वर यायला किमान ३५ मिनिटे लागणारच.

या वेळात इंजिनावर भार कमी ठेवायचा, २५ ते ४० टक्क्यांच्या आत. इथे नव्या पोरांचा गोंधळ होतो: भार कमी म्हणजे q कमी, म्हणजे धुणे हळू. त्यावर उपाय म्हणजे काम दोन टप्प्यांत करायचे. तापमान उतरेपर्यंत भार कमी, ते स्थिरावले की भार पुन्हा समुद्राच्या वेगाला नेऊन वर्तुळ धुवायचे. चार्ट टेबलवर बसलेल्या सेकंड मेटला हे दोन्ही टप्पे आधी सांगितले तर ब्रिजवरून दर दहा मिनिटांनी फोन येत नाही.

दुसरी बाजू अशी की गॅसऑइल फार गरमही चालत नाही. ४० अंशांला त्याचा दाटपणा साधारण ३ सेंटीस्टोक असतो आणि इंजिनाला किमान २ लागतो. तांबड्या समुद्रात उन्हाळ्यात इंजिनरूम ४५ अंशांवर असते, गॅसऑइलची टाकी गरम जड तेलाच्या टाकीला खेटून असते आणि पाइपांना ते गरम ठेवणारे वाफेचे ट्रेसिंग असते. कुणीतरी हीटरची वाफ बंद करतो, ट्रेसिंगची विसरतो. मग तेल इतके पातळ होते की पंपाच्या फटीतून गळते. खूण अशी: तेवढ्याच आरपीएमला पंपातून किती तेल सुटावे ते ठरवणारा इंधन रॅक पुढे सरकत जातो, सप्लाय पंपाचा दाब खाली येतो. समुद्रात चालू असलेले इंजिन हे सोसून नेते, पण सुरू होताना आरपीएम कमी असतात आणि गळती तेवढीच, त्यामुळे इंजिन पेट घेत नाही. नांगरतळावर सुरू करून पाहा असे वर म्हटले ते यासाठीच.

परतीची झडप चुकीच्या टाकीकडे

काही जहाजांवर इंजिनातून परतणारे तेल सर्व्हिस टाकीकडे वळवण्याची सोय असते. वर्तुळ लवकर धुतले जावे म्हणून ते जुन्या इंधनाच्या टाकीत सोडले तर ठीक, गॅसऑइल थोडे वाया जाईल. पण झडप गॅसऑइलच्या टाकीकडे राहिली तर सगळाच घात. टाकीत २० टन ०.०५ चे तेल असेल आणि वर्तुळातले ३ टन ०.४८ चे तेल त्यात गेले, तर मिश्रण ०.१०६ टक्क्यांचे होते. म्हणजे एका झडपेने अख्खी टाकी नियमाबाहेर. समुद्रात ते दुरुस्त करायला काहीच उपाय नसतो.

मुख्य इंजिन आठवते, बाकीची विसरतात

एका जहाजावर आम्ही सगळे काटेकोर केले होते. लॉगमध्ये बदल पूर्ण झाल्याची वेळ, अक्षांश-रेखांश, टाक्यांतली मापे, सगळे लिहिले. बंदरात तपासनीस आला आणि नमुना मागितला तो सहायक बॉयलरच्या लाइनमधून. समुद्रात वाफ धुराड्याच्या उष्णतेवर बनत होती, त्यामुळे तो बॉयलर चार दिवस पेटलाच नव्हता. त्याच्या लाइनमध्ये जुने तेल तसेच पडून होते. स्टँडबाय जनरेटरचेही तसेच, त्याच्या फिल्टरमध्ये आणि फांदीलाइनमध्ये जुने इंधन साचून राहते. चौथ्या इंजिनिअरने बॉयलर आणि प्रत्येक जनरेटर सीमेआधी गॅसऑइलवर पुरेसा वेळ चालवून दाखवावा आणि ती वेळही नोंदवावी. बॉयलर पेटवण्याआधी हवा मारून भट्टी साफ करायचा वेळ मात्र कमी करू नये. गॅसऑइलची वाफ लवकर पेट घेते.

गॅसऑइल लाइनींतला जुना गाळही सोडवते, आणि जुन्या इंधनाशी पटले नाही तर अस्फाल्टीन वेगळे होऊन चिखल बनतो. म्हणून बदलाच्या तासांत फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दर पंधरा मिनिटांनी पाहावा आणि सुटे फिल्टर धुऊन तयार ठेवावेत.

धूर पांढरा म्हणजे नियम पाळला, असे धरणे

सल्फर डायऑक्साइड दिसत नाही. डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलावर बसवलेली यंत्रे खालून जाणाऱ्या जहाजाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचे गुणोत्तर मोजतात, आणि त्यातून इंधनात किती गंधक आहे ते कळते. धूर स्वच्छ दिसला तरी आकडा खोटा बोलत नाही. उलट ०.१० चे इंधन चालू असूनही बंदरात शिरताना काळा धूर निघू शकतो, कारण तो कमी भार, खराब इंजेक्टर किंवा मळलेल्या टर्बोचार्जरमुळे येतो. जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या परिशिष्टातल्या १४व्या नियमाचे नाव सल्फर ऑक्साइड आणि कण असे असले तरी कणांसाठी वेगळी मर्यादा त्यात नाही. इंधनातला गंधक कमी केला की सल्फेटचे कण घटतात, काजळीचे तेवढे नाही. तिच्यासाठी इंजेक्टरची दाब चाचणी कालव्याआधीच उरकून घ्यावी. नांगर टाकल्यावर पायलट येईपर्यंत मिळणारा वेळ त्याला पुरत नाही.