पाच लाखांचा ठेव विमा: ठेवी विभागताना होणाऱ्या चुका

बँक बुडाली तरी पाच लाखांपर्यंतचे पैसे सुरक्षित असतात, हे आता बहुतेक ठेवीदारांना माहीत असते. हे पाच लाख कोणाचे, कोणत्या बँकेतले आणि व्याज धरून की न धरता, याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत, आणि ते बहुधा बँकेवर निर्बंध आल्यानंतरच उघडे पडतात. विमा देणारी संस्था म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे ठेव विमा आणि पतहमी महामंडळ, अर्थात डीआयसीजीसी. १९९३ पासून एक लाखावर अडकलेली ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. विम्याचा हप्ता बँक भरते, त्यामुळे ठेवीदाराला वेगळा अर्ज करावा लागत नाही. आपली रक्कम मर्यादेत बसते की नाही हे पाहण्याचे काम मात्र ठेवीदाराचेच असते.

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातले एक निवृत्त शिक्षक दाम्पत्य घेऊ. गुरुजींचे वय ६६ आणि दोघांची मिळून पुंजी २४ लाख रुपये. गावातल्या नागरी सहकारी बँकेत गुरुजींच्या नावावर मुख्य शाखेत ६ लाखांची आणि बाजारपेठ शाखेत ३ लाखांची मुदत ठेव आहे. त्याच बँकेत पती-पत्नींची ४ लाखांची संयुक्त ठेव आणि १ लाख शिल्लक असलेले संयुक्त बचत खाते आहे. ओळखीच्या पतसंस्थेत ६ लाख, राष्ट्रीयीकृत बँकेतल्या पेन्शन खात्यात २ लाख आणि तिथेच बाईंच्या एकटीच्या नावावर २ लाख. पावत्या एकाच पिशवीत जपून ठेवलेल्या आहेत आणि पैसा आपण नीट विभागला आहे, अशी दोघांची समजूत आहे.

पहिली चूक: शाखा आणि पावत्या मोजणे

विमा पावतीला नसतो आणि शाखेलाही नसतो. एका व्यक्तीच्या एकाच हक्काने असलेल्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांतील बचत, चालू, आवर्ती आणि मुदत अशा सर्व ठेवींची बेरीज केली जाते आणि त्या बेरजेला पाच लाखांची मर्यादा लागते. गुरुजींच्या ६ आणि ३ लाखांच्या पावत्या म्हणूनच एकत्र ९ लाख ठरतात आणि त्यांतले ४ लाख विम्याबाहेर राहतात. गुरुजींचे स्वतःच्या मालकीचे दुकान असते, तर दुकानाच्या नावाचे खातेही याच बेरजेत आले असते. भागीदारी संस्थेचे खाते किंवा पालक या नात्याने अज्ञान मुलासाठी चालवलेले खाते मात्र वेगळ्या हक्काचे मानले जाते.

संयुक्त खात्यांचा नियम थोडा चमत्कारिक वाटेल, पण तो नीट समजून घ्यावा. ज्या संयुक्त खात्यांवर तीच नावे त्याच क्रमाने आहेत, ती सगळी एकत्र मोजली जातात. क्रम बदलला, म्हणजे एका खात्यावर पतीचे नाव आधी आणि दुसऱ्यावर पत्नीचे आधी असले, तर त्या दोन खात्यांना वेगवेगळी मर्यादा मिळते. त्यामुळे नवरा, बायको, नवरा-बायको आणि बायको-नवरा अशा चार प्रकारे एकाच बँकेत वीस लाख विम्याखाली आणता येतात. मला स्वतःला ही युक्ती अपुरी वाटते, कारण रक्कम विमाकृत झाली तरी सगळी एकाच दाराआड अडकू शकते. त्याचा विचार पुढे केला आहे.

गुरुजींच्या संयुक्त ठेवीवर आणि संयुक्त बचत खात्यावर नावांचा क्रम एकच आहे. म्हणून ४ आणि १ मिळून बरोबर ५ लाख होतात, आणि पहिल्या तिमाहीचे व्याज जमा झाले की मर्यादा ओलांडली जाते.

दुसरी चूक: मुद्दल पाच लाख ठेवणे

मर्यादा मुद्दल आणि व्याज यांच्या बेरजेला असते. पूर्ण पाच लाखांची ठेव ठेवली तर तिच्यावरचा व्याजाचा एकही रुपया विम्यात येत नाही. व्याज मुदतीच्या शेवटी देणाऱ्या पुनर्गुंतवणूक ठेवीत ही चूक हळूहळू वाढत जाते आणि पावतीवर मुद्दलच ठळक छापलेले असल्यामुळे लक्षातही येत नाही. सात टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने ठेवलेले ४ लाख रुपये साधारण सव्वातीन वर्षांत पाच लाखांच्या पुढे जातात आणि पाच वर्षांनी सुमारे ५ लाख ६६ हजार होतात. त्याच दराने पाच वर्षांनंतरही मर्यादेत राहायचे असेल, तर सुरुवातीचे मुद्दल साडेतीन लाखांच्या आसपास हवे. ते मुदतीअखेर सुमारे ४ लाख ९५ हजार होते. पावतीवरचा परिपक्वता रकमेचा रकाना पाहावा, त्यात त्याच नावाच्या बचत खात्यातली शिल्लक मिळवावी आणि तो आकडा पाच लाखांशी ताडून पाहावा. मोठी ठेव ठेवायचीच असेल, तर तिमाही व्याज दुसऱ्या बँकेतल्या खात्यात वळवण्याची सूचना देता येते.

कर्जाची बाजूही याच हिशेबात येते. बँकेचे आपल्याकडे येणे असेल, तर ते आधी एकूण ठेवीतून वजा होते आणि उरलेल्या रकमेला मर्यादा लागते. ५ लाखांची ठेव आणि तिच्यावर २ लाखांची उचल असेल, तर विम्यातून ३ लाखच मिळतात.

तिसरी चूक: पतसंस्थेला बँक समजणे

सर्वांत मोठे नुकसान इथे होते. नागरी सहकारी बँक, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि राज्य सहकारी बँक विम्याखाली येतात. नागरी पतसंस्था, पगारदार सेवकांची पतसंस्था, गावची विविध कार्यकारी सेवा सोसायटी आणि मल्टीस्टेट क्रेडिट सोसायटी मात्र येत नाहीत. त्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या असतात, त्यांच्याकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि डीआयसीजीसीचा त्यांच्याशी संबंध नसतो. पतसंस्था आणि बँक एकाच नावाच्या, एकाच संस्थापकाच्या आणि कधी कधी एकाच इमारतीतल्या असतात. त्यामुळे खालच्या मजल्यावरची पावती आणि वरच्या मजल्यावरची पावती सारखीच भासते.

काउंटरवर हमखास ऐकू येणारे एक वाक्य असे असते: "आमच्या संस्थेचे पैसे जिल्हा बँकेतच असतात, तिथे विमा आहे." हे अर्धेच खरे आहे. जिल्हा बँकेच्या दृष्टीने ती पतसंस्था एकच ठेवीदार असते आणि तिला मिळणारी मर्यादाही एकदाच पाच लाखांची असते; सभासदांपर्यंत ती झिरपत नाही.

ओळखण्याची रीत सोपी आहे. पासबुकाच्या पहिल्या पानावर छापलेले संस्थेचे पूर्ण नाव वाचावे. त्यात 'पतसंस्था' किंवा 'सोसायटी' असेल, तर विमा नाही. नावात बँक असली तरी www.dicgc.org.in या संकेतस्थळावरील विमाकृत बँकांच्या यादीत तेच नाव आहे का, हे पाहावे. पतसंस्थेत एक पैसाही ठेवू नये असे माझे म्हणणे नाही. तिथली रक्कम मात्र पूर्ण अडकली तरी घर चालेल एवढीच असावी आणि तिला विमाकृत रकमेत धरू नये.

चौथी चूक: विमाकृत म्हणजे लगेच मिळणारे

बँकेवर रिझर्व्ह बँकेचे सर्वसमावेशक निर्देश, म्हणजेच निर्बंध, लागू झाले की त्या दिवसापासून व्यवहार थांबतात. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला प्रत्येक खात्यातून हजार रुपयेच काढता येत होते. पुढे ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत एक लाखापर्यंत गेली. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला; मधली वर्षे ठेवीदारांनी वाट पाहण्यात घालवली.

२०२१ मध्ये कायदा बदलला आणि निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. पहिल्या ४५ दिवसांत बँक ठेवीदारांची यादी महामंडळाला देते आणि पुढच्या ४५ दिवसांत पडताळणी होऊन पैसे दिले जातात. बँकेच्या विलीनीकरणाची शक्यता दिसली, तर आणखी ९० दिवस लागू शकतात. म्हणजे सर्व काही सुरळीत झाले तरी तीन महिन्यांचा किराणा, औषधे आणि हप्ते दुसरीकडून भागवावे लागतात. पेन्शन आणि किमान सहा महिन्यांचा खर्च मोठ्या ठेवी असलेल्या बँकेत ठेवू नये, असे मी म्हणतो ते यामुळेच.

मर्यादेवरच्या रकमेचे काय होते, याचेही उदाहरण पंजाब अँड महाराष्ट्र बँकेचेच आहे. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांवरची किरकोळ ठेवीदारांची रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत देण्याचे ठरले.

विम्याचा दावा बहुधा कागदांवर अडतो. रक्कम हवी असल्याचे संमतीपत्र आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्यावा लागतो. पासबुकावर 'सुमन' आणि आधारवर 'सुमनबाई', जुना मोबाइल क्रमांक, न केलेली केवायसी किंवा वारस न नेमलेले खाते अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर नाव मागे राहते. त्या बँक सुरळीत चालू असतानाच दुरुस्त करून घ्याव्यात.

गुरुजींची फेरमांडणी

गुरुजींचे विम्याबाहेरचे पैसे म्हणजे स्वतःच्या नावावरचे ४ लाख आणि पतसंस्थेतले ६ लाख, असे १० लाख आणि वरचे व्याज. ठेवी घाईने मोडल्या तर व्याज कमी होते, म्हणून पहिल्यांदा आपोआप नूतनीकरणाची सूचना लेखी रद्द करायची आणि ठेव जसजशी मुदतीला येईल तसतशी हलवायची. बाजारपेठ शाखेतले ३ लाख तिसऱ्या, विमाकृत बँकेत जातील. मुख्य शाखेतल्या ६ लाखांपैकी ४ लाख तिमाही व्याज पेन्शन खात्यात वळवून तिथेच राहतील आणि २ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत बाईंचे नाव आधी लावून संयुक्त ठेवीत जातील. संयुक्त बचत खात्यातले ५० हजार पेन्शन खात्यात हलवले की नागरी बँकेतली संयुक्त रक्कम साडेचार लाखांवर येईल आणि व्याजाला जागा राहील.

पतसंस्थेतल्या ६ लाखांपैकी ५ लाख टपाल कार्यालयातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जातील. ती केंद्र सरकारची जबाबदारी असल्यामुळे तिथे पाच लाखांच्या मर्यादेचा प्रश्न येत नाही. उरलेला १ लाख पतसंस्थेत ठेवायचा की नाही, हे गुरुजींनी ठरवायचे. ही रक्कम काढायला गेल्यावर "पुढच्या महिन्यात या" असे दोनदा ऐकू आले, तर मागणी लेखी अर्जाने द्यावी, पोच घ्यावी आणि तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात तक्रार नोंदवावी. शेवटचे एक काम दरवर्षी एप्रिलमध्ये करायचे आहे: ठेवी असलेल्या कोणत्याही दोन बँकांचे विलीनीकरण झाले आहे का, हे पाहायचे. दोन बँकांची एक झाली की त्या दोन्हींतल्या ठेवींची बेरीज एकत्र होते. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली, तेव्हा दोन्हीकडे खाती असणाऱ्यांना ही बेरीज नव्याने मांडावी लागली.