स्टेपर मोटर स्टेप सोडते, तेव्हा आधी घड्याळ बघा

एका पेन-प्लॉटरची मोटर सुरू केल्यावर पंधरा मिनिटं चोख चालायची आणि मग रेघ बाजूला सरकायची. मोटर नेमा १७, १.५ अँपिअरची, ड्रायव्हर ए४९८८, सप्लाय १२ व्होल्ट. ताकद कमी पडतेय असं समजून मालकाने करंट वाढवला, तर दोष दहाव्या मिनिटालाच येऊ लागला.

म्हणून ड्रायव्हरवरचा पॉट, म्हणजे करंट ठरवणारा छोटा स्क्रू, फिरवण्याआधी दोष नेमका कधी येतो ते टिपा. सप्लाय बंद करून गाडा हाताने सरकवून बघा. तो कुठे अडत असेल, तर आधी ते दुरुस्त करा.

पहिल्या क्षणापासून थरथर

मोटर जागेवरच गुरगुरते आणि फिरत नाही, तर वायरिंग तपासा. सप्लाय बंद करूनच मोटरचा कनेक्टर काढा. चालू सप्लायवर काढल्यास ड्रायव्हर जळू शकतो. मल्टिमीटरने कॉइलच्या जोड्या शोधा. एकाच कॉइलच्या दोन टोकांमध्ये काही ओहम दिसतात, दुसऱ्या कॉइलशी जोड दिसत नाही. दोन्ही कॉइलचे आकडे जवळपास सारखे हवेत. मीटर लावलेला असतानाच वायर हलवा. आकडा उड्या मारू लागला, तर क्रिंप सैल आहे.

थंड असताना ठीक, तापल्यावर बिघाड

हे बहुधा ड्रायव्हरचं तापणं असतं. स्टेप सुटताना मोटर क्षणभर सैल पडते आणि पुन्हा पकड घेते, कारण चिप अति तापल्यावर स्वतःला बंद करते. ड्रायव्हरवर छोट्या पंख्याचा वारा सोडा. दोष गेला किंवा लांबला, तर निदान पक्कं झालं. मोटर हाताला चटका देण्याइतकी गरम असली, तरी तेवढ्यावरून ती बिघडली असं समजू नका.

आता करंट मोजा. ए४९८८ साठी सूत्र असं:

```
Vref = I × 8 × Rs
```

Vref म्हणजे पॉटवर ग्राउंडच्या तुलनेत मोजलेलं व्होल्टेज, I म्हणजे मोटरचा करंट आणि Rs म्हणजे ड्रायव्हर बोर्डवरचा सेन्स रेझिस्टर. आर१०० असं छापलं असेल, तर तो ०.१ ओहमचा, काही बोर्डांवर ०.०५ चा असतो, म्हणून वाचल्याशिवाय हिशेब करू नका. प्लॉटरवर तो ०.१ होता आणि व्हीरेफ ०.९६ व्होल्ट, म्हणजे करंट १.२ अँपिअर, आणि हीटसिंक नाही! हा ड्रायव्हर हीटसिंकशिवाय साधारण १ अँपिअरच झेपवतो. व्हीरेफ ०.७२ केला, करंट ०.९ वर आला.

याउलट, मोटर थंड आणि गाडा बोटाने सहज थांबतोय, तर करंट कमी आहे. व्हीरेफ थोडाथोडा वाढवा.

फक्त वेगात किंवा दोन मोटरी एकदम धावताना

मशीन चालू ठेवून ड्रायव्हरच्या सप्लाय पिनांवर व्होल्टेज मोजा. तिथे ते पडतं पण सप्लायच्या टर्मिनलवर टिकतं, तर मधली वायर किंवा स्क्रू सैल आहे. दोन्हीकडे पडलं, तर सप्लायच अपुरा आहे. कुठेच पडलं नाही, तर अॅक्सेलरेशन निम्मं करून बघा.

प्लॉटरला हीटसिंक आणि पंखाही बसवला. नंतर तासभराच्या चित्रात शेवटची रेघ सुरुवातीच्या ठिपक्यावर येऊन मिळाली.